झोपेच्या गोळीचा फेरविचार व्हावा, याबद्दल डॉक्टरांना पत्र

पिंपळखुटा, जि. यवतमाळ
१२ जानेवारी २०२५

आदरणीय डॉक्टरसाहेबांस,
सप्रेम नमस्कार.

दवाखान्यात गर्दी असते आणि आत आल्यावर सांगायचं निम्मं राहून जातं, म्हणून पत्रच लिहिते. मुलाच्या हाती पाठवत आहे. सवडीने वाचावं.

विषय झोल्पिडेमचा. २०१७ मध्ये हे गेल्यानंतर माझी झोप उडाली, तेव्हा आपण ५ ची गोळी थोड्या दिवसांसाठी लिहून दिली होती. पुढे तिचा गुण येईना म्हणून १० ची झाली. तेव्हापासून रोज रात्री १० ची चालू आहे. दर वेळी बीपी-शुगरच्या चिठ्ठीत तीही उतरत गेली, आणि मधे मेडिकलवाला जुनी चिठ्ठी पाहूनही देत राहिला. नव्याने विचार करायचं आपल्या दोघांकडूनही राहिलं, एवढंच म्हणते.

आता घडतंय ते असं. दिवाळीनंतर एका सकाळी सून म्हणाली, “आई, रात्री तुमी चुलीपाशी काय करून राह्यल्या होत्या?” मी चूल पेटवून पाणी तापत ठेवलं होतं म्हणे, तिच्याशी धड बोललेही. मला त्यातलं काहीही आठवत नाही. त्यानंतर वर्ध्याच्या बहिणीला रात्री साडेअकराला फोन केला, हळदीकुंकवाचं बोलले. फोनमध्ये नोंद आहे, डोक्यात नाही. कापसाच्या चुकाऱ्यातले पैसे मोजून ठेवले ते सापडेनात, शेवटी ज्वारीच्या कोठीत निघाले. हे तिन्ही प्रकार गोळी घेतल्यानंतरचे आहेत. दिवसा हिशेब, पाढे, जुन्या विद्यार्थ्यांची नावं सारं ठीक चालतं. मात्र अलीकडे सकाळी नऊपर्यंत डोकं जड असतं आणि बोलता बोलता शब्द अडतो, हेही लपवत नाही.

एक गोष्ट मी आपल्याला कधी सांगितली नव्हती. शेतीची लाइन रात्रीची असते तेव्हा मुलगा हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात जातो. अंधारात साप-विंचू, त्यात हल्ली बिबट्याच्या गोष्टी. तो परत येईपर्यंत मी जागी असते. मग गोळी एक-दीडला पोटात जाते आणि पाचला सवयीने उठते. संडास अंगणापलीकडे आहे. मागच्या महिन्यात पायरीवर तोल गेला, खांब हाती लागला म्हणून वाचले. लाइन दिवसाची असेल त्या आठवड्यात उलट, साडेआठलाच अंथरूण धरते आणि तळमळत पडते.

माझी भाची नागपूरला नर्स आहे. तिने सांगितलं की ही गोळी मुळात थोड्या आठवड्यांसाठीच द्यायची असते. बायकांच्या अंगात तिचा अंश सकाळपर्यंत जास्त उरतो, म्हणून २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने बायकांचा डोस १० वरून ५ वर आणला. झोपेत उठून चालणं, स्वयंपाक करणं याबद्दल २०१९ मध्ये त्यांनी सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. माझं वय ६६. चुलीचा प्रकार ऐकून ती घाबरली, पण बजावलंही की मनाने एकदम बंद करू नको. ते मला पटलं. मागे लग्नाच्या गावी डबी विसरले होते, तेव्हा रात्रभर डोळा लागला नाही, हात थरथरत होते, छातीत धडधड होती.

म्हणून विनंती अशी, की गोळी हळूहळू कमी करण्याचा बेत आपण आखून द्यावा. माझी गोळी साधी आहे, मधे रेघ आहे, पण अर्धी करायची ती आपल्या सांगण्यानेच. तिच्या जागी दुसरी झोपेची गोळी शक्यतो नको. भाची म्हणते, झोपेच्या सवयी बदलण्याची एक रीतसर उपचारपद्धत आहे; ती शिकवणारं यवतमाळला कुणी असेल तर चिठ्ठी द्यावी. उठायची वेळ पाळायला मी तयार आहे, शाळेत तीस वर्षं घंटेवरच काढली.

दोष सगळा गोळीवर टाकायचीही घाई नको. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे, तेव्हा बी-१२ तपासावं, थायरॉइड आणि साखरही पाहावी. विसरण्याची काही तपासणी असते तीही करून टाकू. माझ्या आईला शेवटी माणसं ओळखू येत नव्हती. ती भीती मनात आहे, म्हणून स्पष्ट विचारते. धुळीच्या दिवसांत सर्दीसाठी रात्री सेट्रिझिन घेते, तेही झोपेच्या गोळीबरोबर चालतं का ते सांगावं.

तूर्तास गोळी सूनबाईच्या ताब्यात दिली आहे. ती दहाला देते आणि मी लगेच अंथरुणावर जाते. उशीर झाला तर त्या रात्री घ्यावी की टाळावी, एवढा निरोप मुलाजवळ आजच द्यावा. बाजाराचा दिवस सोडून शुक्रवारी सूनबाईला घेऊन येते, कारण रात्रीचं खरं काय ते तीच सांगू शकेल. सगळ्या गोळ्यांची पिशवी आणि जुन्या चिठ्ठ्या सोबत आणते.

आपली,
सुमन
(निवृत्त शिक्षिका, जि. प. शाळा)