प्लॅस्टिक आणि हार्ट अटॅक: बातमीत काय, अभ्यासात काय

‘प्लॅस्टिकमुळे हार्ट अटॅकचा धोका साडेचारपट’ ही बातमी सकाळपासून फिरतेय. मूळ अभ्यास खरा आहे आणि चांगला आहे: इटलीतला, मार्च २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला. मथळा मात्र दोन पावलं पुढे गेलाय.

मानेतल्या रोहिणीत साचलेला चरबीचा थर शस्त्रक्रियेने काढलेले २५७ रुग्ण. त्यातल्या १५० जणांच्या थरात पॉलिथिलीनचे अतिसूक्ष्म कण सापडले. पुढच्या सुमारे तीन वर्षांत या गटात हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यू (कुठल्याही कारणाने) यांचा धोका साधारण साडेचारपट दिसला. पण रुग्ण कमी, त्यामुळे खरा आकडा दुपटीपासून दहापटीपर्यंत कुठेही असू शकतो. हे मथळ्यात कसं मावणार म्हणा!

शिवाय हे सगळे आधीच रक्तवाहिन्यांचे रुग्ण. कण आणि आजार एकत्र दिसले. कणांमुळेच आजार झाला, हे यातून सिद्ध होत नाही. नमुन्यांत प्रयोगशाळेतले कण मिसळण्याची शक्यता संशोधकांनीच नोंदवलीय. कण शरीरात कुठून आले, पाण्यातून की हवेतून, हे तपासलेलंच नाही. तेव्हा ‘बाटलीतलं पाणी प्यायलं की अटॅक’ हा फॉरवर्ड या अभ्यासाच्या नावावर खपवू नका.