तुमचे पॉइंट, त्यांची मुदत आणि तुमची श्रेणी: नव्या सभासदांसाठी

नमस्कार,

आमच्या नाशिकमधल्या दोन्ही हॉटेलांत, गंगापूर रोडला आणि मुंबई नाक्याजवळ, तुमचं सभासदत्व कालपासून सुरू झालं आहे. वेगळं कार्ड मिळणार नाही. तुमचा मोबाईल नंबर हाच सभासद क्रमांक.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. तुमच्या खात्यात दोन वेगळे हिशेब चालतात. पॉइंट मिळतात खर्चावर, श्रेणी ठरते मुक्कामाच्या रात्रींवर. पॉइंट वापरले म्हणून श्रेणी खाली येत नाही आणि श्रेणी वाढली म्हणून जुने पॉइंट वाढत नाहीत.

दर 100 रुपयांना 4 पॉइंट मिळतात आणि एका पॉइंटची किंमत 50 पैसे. कर आणि मद्य यांवर पॉइंट नाहीत. समजा, 4,000 रुपयांच्या खोलीत दोन रात्री राहिलात आणि 1,500 रुपयांचं जेवण झालं. 5 टक्के जीएसटी धरून बिल होईल 9,975 रुपये. पॉइंट मात्र 9,500 रुपयांवर मोजले जातील, म्हणजे 380. त्यांची किंमत 190 रुपये. रक्कम लहान आहे हे आम्हीही जाणतो. म्हणूनच पॉइंट वाया जाऊ नयेत, यासाठी हे सविस्तर लिहीत आहोत.

पॉइंट चेक-आउटनंतर पाच दिवसांत जमा होतात. 500 झाले की वापरता येतात. जेवणाच्या बिलातून वजा करायचे असतील तर बिल छापण्याआधीच सांगा. छापलेल्या बिलात मागाहून बदल करता येत नाही. 4,000 रुपयांची खोली पूर्ण पॉइंटांवर घ्यायची तर 8,000 पॉइंट लागतात आणि त्या रात्रीचा कर रोख किंवा यूपीआयने भरावा लागतो. श्रावणातले शनिवार ते सोमवार, 31 डिसेंबर आणि 2027 च्या सिंहस्थातल्या स्नानांचे दिवस पॉइंटांवर खोली मिळत नाही. जेवणासाठी मात्र पॉइंट या दिवशीही चालतात.

आता मुदत. शेवटच्या व्यवहारापासून 18 महिने खात्यात काहीच घडलं नाही, तर सगळे पॉइंट एकदम जातात. 14 फेब्रुवारी 2026 ला चेक-आउट केलं आणि पुढे काही नाही, तर 14 ऑगस्ट 2027 ही शेवटची तारीख. पण मध्ये 10 जून 2027 ला नुसते सकाळी मिसळ खायला आलात, 300 रुपयांच्या वर बिल झालं आणि नंबर सांगितलात, तर नव्याजुन्या सगळ्या पॉइंटांची मुदत 10 डिसेंबर 2028 पर्यंत जाते. मुक्काम, जेवण किंवा पॉइंट वापरणं, हे व्यवहार धरले जातात. रद्द केलेलं बुकिंग किंवा नुसतं अ‍ॅप उघडून शिल्लक पाहणं धरलं जात नाही. मुदतीच्या 30 दिवस आधी एसएमएस येतो, पण नंबर बदलला असेल तर तो जुन्या नंबरवरच जाईल. तेव्हा नंबर बदलला की आधी आम्हाला कळवा.

श्रेणी तीन: साधी, रौप्य, सुवर्ण. जानेवारी ते डिसेंबर या काळात 10 रात्री झाल्या की रौप्य, 25 झाल्या की सुवर्ण. मिळालेली श्रेणी पुढच्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत टिकते. रौप्यला 25 टक्के जादा पॉइंट मिळतात आणि चेक-आउट 11 ऐवजी दुपारी 2 ला. सुवर्णला 50 टक्के जादा पॉइंट, दोघांचा नाश्ता आणि 4 वाजेपर्यंत खोली. मोठी खोली रिकामी असेल तर तीही जादा पैसे न घेता देतो. शनिवारी मुंबईची मंडळी आली की ती रिकामी नसते, म्हणून तिच्यावर विसंबून बेत आखू नका. खरा रोजचा फायदा नाश्त्याचा आहे.

घरच्यांसाठी दोन खोल्या घेतल्या आणि बिल तुम्ही भरलंत, तर पॉइंट दोन्हींचे मिळतात. रात्री मात्र तुमच्या एकाच खोलीच्या मोजल्या जातात. बाहेरच्या ट्रॅव्हल साइटवरून बुकिंग केलं असेल, तर खोलीचे पॉइंटही नाहीत आणि रात्रीही नाहीत, कारण खोलीचे पैसे त्या साइटकडे जातात. आमच्याकडे जेवलात तर तेवढे पॉइंट मिळतात. कंपनीने बिल परस्पर भरलं, तर रात्री मिळतात, पॉइंट नाही.

पॉइंट कमी दिसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे चेक-इनला एक नंबर आणि रेस्टॉरंटमध्ये दुसरा, त्यामुळे दोन खाती उघडतात. ओळखपत्र दाखवून स्वागतकक्षात ती एकत्र करून घेता येतात. चेक-आउटपासून 60 दिवसांच्या आत बिल क्रमांक घेऊन आलात, तर राहिलेले पॉइंटही तिथेच जमा करून देऊ. बिलाचा फोटो तेवढा मोबाईलमध्ये ठेवा.

स्वागतकक्ष, गंगापूर रोड