आण्णांचा टांगा

शिवामामाला सिनेमाचं वेड वगैरे कधीच नव्हतं. शिरोली एमआयडीसीत आमच्या फौंड्रीच्या गेटवर रात्री आठ ते सकाळी आठ ड्युटी, हातात बॅटरी, टेबलावर इनवर्डचं रजिस्टर, आणि मोबाईल म्हणजे पाव्हण्यांचे गुड मॉर्निंग बघायचे तेवढंच. पण एक दिवस भाच्यानं यूट्यूबची लिंक पाठवली, जुना ब्लॅक अँड व्हाईट तमाशापट, आणि खाली लिहिलं, मामा ह्यात आज्याचा टांगा हाय म्हणत्यात.

झालं. मामाचे वडील म्हणजे आण्णा, भवानी मंडपाजवळ टांगा लावायचे आणि स्टुडिओवाल्यांनी बोलावलं की शूटिंगला जायचे. कोल्हापूरच ते, १९२९ ला प्रभात इथं निघाली (आणि १९३३ ला पुण्याला पळवली, ह्याचा राग अजून काही म्हाताऱ्यांना हाय), १९४८ ला जयप्रभा स्टुडिओ जाळला तरी भालजींनी परत उभा केला, असल्या गावात कुणाचा तरी आजा नाहीतर कुणाची तरी म्हैस पडद्यावर आलेली असतीयच. मामाच्या घरात एवढंच ठाऊक होतं की आपली राणी घोडी सिनेमात हाय. कुठल्या, ते सांगायला आण्णा राहिले नाहीत.

पहिल्या रात्री नावं पडली, एक लावणी झाली, पाटील फेटा सावरत फडात येऊन बसला आणि बाहेर स्क्रॅपचा ट्रक हॉर्न मारायला लागला. वजनकाटा, चलन, सही, मग राऊंड, मागच्या कंपाऊंडला कुत्री का भुकत्यात ते बघून ये, की सकाळ. दुसऱ्या रात्री लाईट गेली, मोबाईल आधीच मरायला टेकलेला. त्याच्या पुढच्या रात्री दीड जीबी संपला, कारण दिवसा नातवानं तोच मोबाईल घेऊन गेम खेळलेला.

मी म्हटलं, "मामा, बोटानं पुढं ढकला की, टांगा आला की थांबवा."

"आणि मधी राणी निसटली तर? न्हाई न्हाई, हाय तसाच बघायचा."

मग आम्ही भट्टीवरची पोरं पण चहाच्या टायमाला केबिनमध्ये घुसायला लागलो. ज्यानं जेवढं बघितलं तेवढं त्यानं दुसऱ्याला सांगायचं. बेळगावचा एक ड्रायव्हर माल उतरेपर्यंत मधलाच तुकडा बघून गेला, त्यात पाटील देवळाला दान देतोय, नाचणारीच्या पोराला शाळेत घालतोय, त्यामुळं त्याच्या हिशोबानं पाटील हिरो. आम्ही सावकाराबरोबरचा आधीचा सीन बघितलेला, आम्हाला तो एक नंबर हरामखोर वाटत होता. ह्यावरनं अर्धा तास वाद, गाडी खाली झाली तरी बाबा हलंना.

टांगा दिसला तो बाजाराच्या सीनमध्ये. आधी चाक, मग घोड्याची पाठ, वर पाठमोरा माणूस, डोक्याला फेटा, मान जराशी डावीकडं कलती. पाटलानं उतरून पैसे दिले, टांगा निघून गेला. तेवढंच. मामानं तो तुकडा परत लावला, परत लावला, मग आम्हा सगळ्यांना हाका मारून दाखवला, एवढ्यात साहेबांचा फोन, गेटवर कोण उचलत का न्हाई म्हणून, त्या शिव्या पण मामानं हसत खाल्ल्या.

पहाटे पाचला कागलच्या अक्काला लिंक पाठवली आणि लगेच फोन. स्पीकरवरच होता म्हणून आम्हाला ऐकायला मिळालं.

"अक्का, बघितलास?"

"बघितलो की. आण्णाच हाईत. ती मान बघ की, आण्णांचीच."

"आणि राणी! कशी ऐटीत चालली होती."

अक्का जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "शिवा, ते घोडं नीट बघ."

"काय?"

"खुळ्या, नर हाय तो."

भट्टीवरचा इस्माईल चहा सांडून हसत सुटला. मामानं मोबाईल डोळ्याला लावला, चष्मा पुसला, परत लावला.

"मग राणी कुठं गेली?"

"राणी तवा गाभण होती रे, मी पाणी पाजत होतो तिला. भाडं बुडायला नको म्हणून दुसऱ्याचं घोडं जुंपून गेले असतील. आणि घरी सांगितलं राणी सिनेमात हाय. आईला किती कौतुक होतं राणीचं, म्हणून असंल."

"म्हणजे आण्णांनी फेकली?"

"फेकली की! आणि तुझ्या लग्नात सगळ्या पाव्हण्यास्नी पण तेच सांगत हिंडत होते."

मामा हसला, मग चिडला, मग परत हसला. सिनेमा अजून पाऊण तास राहिलेला. परवा तो बेळगाववाला ड्रायव्हर आला, गाडी काट्यावर घ्यायच्या आधीच विचारतोय, पाटलाचं शेवटी काय झालं हो?

मामा म्हणाला, "थांब, अजून बघायचं हाय. आधी चलन दे."