चष्मा दप्तरात का जातो?

(सोलापुरातल्या एका शाळेत दुसरीच्या पालकसभेत वर्गशिक्षिका बोलल्या ते)

नमस्कार. या, पुढे येऊन बसा, मागे पंख्याच्या आवाजात ऐकू येणार नाही. कुणी कारखान्यातली पाळी बदलून आलंय, कुणी दुकान उशिरा उघडणार आहे, याची मला जाणीव आहे. प्रगतिपत्रकं शेवटी देते. त्याआधी एका विषयावर बोलायचंय, आणि आजी-आजोबा आलेत त्यांनी तर ते नक्की ऐकावं.

आपल्या वर्गात यंदा काही मुलांना चष्मा लागला. घरून निघताना तो डोळ्यांवर असतो. परिपाठाला उभं राहीपर्यंत दप्तरात गेलेला असतो. शाळा सुटली की फाटकाजवळ परत डोळ्यांवर. त्यामुळे तुम्हाला वाटतं, पोरगं दिवसभर चष्मा लावतंय.

मागच्या आठवड्यात मी फळ्यावर ३८ अधिक २५ लिहिलं. एका मुलीच्या वहीत ३३ अधिक २५ उतरलं होतं आणि खाली उत्तर ५८. तिनं मांडलेल्या गणिताचं उत्तर अगदी बरोबर. तिला गणित येतं, फळा दिसत नाही. चष्मा कंपासपेटीखाली रुमालात गुंडाळून ठेवलेला. मी विचारलं तर म्हणाली, "मॅडम, सगळे ढापणी म्हणतात."

चष्मिष, ढापण्या, बॅटरी, असले शब्द चालतात मुलांत. एखादा चष्मा ओढून स्वतः घालतो, डोळे तिरळे करून दाखवतो, बाकीचे हसतात. सात वर्षांच्या मुलाला फळा न दिसणं परवडतं, ते हसणं परवडत नाही. हा हट्ट नाही, आळसही नाही. एवढं आधी मनात धरा, म्हणजे रागावणं निम्मं कमी होईल.

आता घरातलं बोलते. वर्गातल्या चिडवण्याला आळा घालणं माझं काम, ते मी करतेय. पण काही वाक्यं घरातून येतात. "अरेरे, एवढ्याशा वयात चष्मा!" "कुणाची दृष्ट लागली की काय." आणि मुलगी असली की, "आता हिचं लग्न कसं जमायचं?" ती समोर बसून ऐकत असते हो. तिची सगळ्यात लाडकी माणसं असं म्हणाली, की आपल्यात काहीतरी खोट आहे हे तिला पटतं. मग वर्गातल्या पोरानं नुसतं 'ढापणी' म्हटलं तरी ते खोल जातं. आत्या, मावशी, शेजारच्या काकू असं बोलल्या तर तिच्यासमोरच त्यांना थांबवा. "तिला आता लांबचं नीट दिसतं, चांगलं झालं," एवढं म्हटलं तरी पुरे.

दुसरं वाक्य, "मोबाइल बघून बघून लागला, भोग आता." यानं चष्मा ही शिक्षा होते, आणि शिक्षा चारचौघांत मिरवायला कुणाला आवडेल? आई-वडिलांना चष्मा असला तर मुलाला लागण्याची शक्यता वाढते. सतत जवळचं बघणं आणि उजेडात, मैदानावर कमी खेळणं याचाही वाटा असतो. मोबाइल कमी कराच, संध्याकाळी खेळायला सोडा, पण ते बोलणं चष्म्याला जोडू नका.

तिसरं मला फार महत्त्वाचं वाटतं. "महागाचा आहे, जपून ठेव. फोडलास तर बघ." मूल शब्दशः तेच करतं. जपून ठेवतं, दप्तरात. चष्मा फुटणार, काडी वाकणार, हे धरूनच चला. मुलांसाठी काचेऐवजी पॉलिकार्बोनेटच्या भिंगांचं विचारा, ती सहजासहजी फुटत नाहीत. खेळताना मागून बांधायचा पट्टाही मिळतो.

फ्रेम मुलाला निवडू द्या. लाल हवी म्हणाला तर लाल. आणि गणवेशासारखी पुढच्या वर्षी बसेल म्हणून मोठी घेऊ नका. आपल्याकडच्या उन्हात घामानं ती नाकावरून घसरते, मूल सारखी वर ढकलत बसतं आणि नेमकं त्याचंच हसं होतं. कानामागे टोचतेय का, नाकावर लाल वळ उठतात का, ते रात्री चष्मा काढल्यावर बघा. दुकानदार काडी, नाकाच्या गाद्या बसवून देतो. सदऱ्याच्या टोकानं पुसू देऊ नका, धुळीनं भिंगाला ओरखडे पडतात. पाणी, साबणाचा थेंब, मऊ कापड.

काही जणांनी मला विचारलं, सतत लावला की नंबर वाढतो ना? नाही वाढत. लांबचं न दिसणाऱ्या मुलांमध्ये बहुधा डोळ्याचा गोळा वाढीच्या वयात जास्त लांब होतो, म्हणून नंबर वाढतो. चष्मा बाजूला ठेवून तो थांबत नाही. गाजरानंही जात नाही. गाजर खाऊ द्या, चांगलंच आहे. पण एका डोळ्याचा नंबर जास्त असेल तर चष्मा टाळण्यात खरा धोका आहे. मेंदू त्या डोळ्यातलं धूसर चित्र घेणंच सोडून देतो. त्याला आळशी डोळा म्हणतात. त्यावरचा उपाय लहानपणी उत्तम लागू पडतो, सात-आठ वर्षांनंतर अवघड होत जातो. आपली मुलं नेमकी त्याच वयात आहेत, म्हणून मी एवढी मागे लागलेय. दिवसभर लावायचा की फक्त लांबचं बघायला, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि मला वहीत लिहून पाठवा. डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी चुकवू नका.

चिडवल्याचं मुलानं घरी सांगितलं, तर "लक्ष नको देऊस" म्हणून विषय मिटवू नका. "तूपण दे एक ठेवून" हेही नको. आधी सगळं ऐकून घ्या. कोण म्हणालं, कुठे, तेव्हा तू काय केलंस. मग एक छोटं उत्तर घरी पाठ करून घ्या. "हो, चष्मा आहे माझा. मला फळा दिसतो." एवढं म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं. दादाला चिडवणारा करा, चार-पाच वेळा नाटक करा. तोंडात शब्द तयार असले की रडू कमी येतं. चष्मा ओढला, हात लावला, तर लगेच मला येऊन सांगायचं. ती चुगली नाही, हे मुलाला तुम्ही सांगा, मीही सांगते.

सवय आवडत्या गोष्टीपासून लावा. कार्टून बघताना, गल्लीत क्रिकेट खेळताना चेंडू स्पष्ट दिसला की मूल स्वतःहून चष्मा मागतं. वर्गात गांधीजींचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे, दोघांनाही चष्मा. मुलांनीच ते परवा शोधून काढलं, आणि त्या मुलीनं तो तास चष्मा काढला नाही.

ज्यांच्या मुलांना चष्मा नाही, तुम्हालाही सांगते. घरी विचारा, तू कुणाला काय म्हणतोस? ओरडू नका, नुसतं विचारा. मुलं खरं सांगतात. आणि कुणाच्या मुलानं चिडवलं म्हणून त्याच्या दारात भांडायला जाऊ नका. माझ्याकडे या, मी दोघांना समोर बसवते.

बाकी विषय प्रगतिपत्रकं देताना बोलू. पहिल्या बाकापासून या. चष्मा लागलेल्या मुलांच्या पालकांनी जरा थांबा, बसायच्या जागा ठरवायच्यात आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणली असेल तर मला बघायचीय.