विषय: राजगड ट्रेकचं पेज गुरुवारी खुलं करण्याआधी

समितीतील सर्वांना नमस्कार,

रविवार, १२ जुलैच्या राजगड ट्रेकचं पेज जवळपास तयार आहे. आज ते मोबाइलवर आणि लॅपटॉपवर पूर्ण वाचलं. नोंदणी सुरू करण्याआधी खालच्या गोष्टी मार्गी लागायला हव्यात.

सगळ्यात आधी वाट. वर ‘गुंजवण्याहून चढाई’ आहे आणि खाली ‘सोपा ट्रेक, दहा वर्षांपुढची मुलं चालतील’. हे जुळत नाही. गुंजवण्याची वाट चोर दरवाज्यातून पद्मावती माचीवर निघते. शेवटचा कातळटप्पा रेलिंग धरून चढावा लागतो आणि पावसात तो निसरडा होतो. पाली दरवाज्याची वाट पायऱ्यांची आणि रुंद आहे. मुलं आणि नवखे न्यायचे असतील तर पालीच ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. गुंजवणंच ठरलं, तर ‘सोपा’ काढा आणि वयाची अट वाढवा. लोक हा एक शब्द वाचून घरच्यांची नावं घालतात. बालेकिल्ला करणार की पाऊस बघून ठरवणार, तेही स्पष्ट लिहू. निखिलदादा, निर्णय बुधवारपर्यंत कळवाल का?

नकाशातला पिन गुंजवणी धरणावर पडलाय. स्वतःच्या गाडीने येणारे भलतीकडे जातील. वाट ठरली की पायथ्याच्या गावातल्या पार्किंगचा पिन टाकते.

पोस्टरवर ‘शनिवार, १२ जुलै’ छापलंय, ते रविवार करायचं. स्वारगेटहून निघायची वेळ पेजवर ५.३० आणि फॉर्मवर ५.००, कोणती खरी?

फॉर्ममध्ये ‘View results summary’ हा पर्याय चालू आहे. फॉर्म भरणाऱ्याला इतरांची उत्तरं दिसू शकतात, आणि आपण त्यात आजार, औषधं, घरच्यांचे नंबर विचारतोय. तो आजच बंद करा. उत्तरांच्या शीटची लिंकही फक्त ट्रेक लीडर आणि खजिनदार यांच्यापुरती ठेवा. ४० जागा भरल्या की फॉर्म बंद व्हायला हवा, त्यामुळे त्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं. ते मी करेन.

पैशांचं: क्यूआर कोड दोन वेगळ्या ॲपमधून स्कॅन करून एक रुपया पाठवून बघा, क्लबचंच नाव येतंय ना. ९५० रुपयांत बस, नाश्ता आणि गावातलं पिठलं-भाकरीचं जेवण धरलंय, हे लिहिलेलं नाही. परताव्याबद्दलही एक ओळ नाही. पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश कधीही निघू शकतो. तसं झालं तर पूर्ण पैसे परत, आणि सदस्याने स्वतः रद्द केलं तर किती, हे आधीच छापलेलं असावं. आकडा खजिनदारांनी द्यावा.

फोटो आपल्याच सदस्यांचे आहेत, पण तिसऱ्यात लहान मुलांचे चेहरे ओळखू येतात. पालकांचा होकार मिळेपर्यंत तिथे सुवेळा माचीवरच्या नेढ्याचा फोटो लावते.

दुरुस्त्या झाल्या की बुधवारी रात्री मी पुन्हा शेवटपर्यंत जाऊन एक चाचणी नोंदणी करेन. वाटेचा निर्णय आला नसेल, तर पेज शुक्रवारी खुलं करू.

सायली
(स्वयंसेवक, नोंदणी)