लाल ठिपका

बिलावरचा आकडा दत्ताने दोनदा वाचला. ६,८७० रुपये. युनिट ५१२.

कराडच्या जुन्या दुकानात तोच डीप फ्रीज होता, तेच दोन पंखे, त्याच चार ट्यूब. आणि बिल कधी तीन हजारांवर गेलं नव्हतं. या गाळ्यात येऊन जेमतेम महिना झालेला, डिपॉझिटचं कर्ज अजून डोक्यावर. "मीटरच पळतंय," शेजारचा चप्पलवाला म्हणाला. "तक्रार दे."

दत्ताने आधी वही काढली. फ्रीज दिवसाला साडेतीन युनिट धरला, पंखे दोन, ट्यूब एक. महिन्याला दोनशेच्या आसपास. मग वरची तीनशे कोण खातंय?

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, दुधाच्या गाडीआधी, त्याने दुकान उघडलं आणि मेन स्विच पाडला. फ्रीजची घरघर थांबली. मीटर जिन्याखाली होतं. टॉर्च मारून पाहिलं, तर लाल ठिपका लुकलुकतच होता. भराभर. दुकानात तर काहीच चालू नव्हतं.

त्याच्या पोटात गोळा आला. चोरी? कुणाकडे बोट दाखवायचं?

तो तिथेच पायरीवर बसला. दूधवाला क्रेट ठेवून गेला. साडेसातच्या सुमारास ठिपका एकदम थांबला, आणि त्याच क्षणी वरून घरमालकीण काकूंचा आवाज आला, "टाकी भरली गं, मोटर बंद केली!"

दत्ता वायरमनला घेऊन आला. मीटरमधून निघालेली एक काळी वायर मेन स्विचला न जाता सरळ भिंतीवरून मागच्या बोअरकडे गेली होती. दीड हॉर्सपॉवरची मोटर. मे महिना, बोअरला पाणी कमी, त्यामुळे तीन बिऱ्हाडांची टाकी भरायला सकाळ-संध्याकाळ मिळून सहा-सात तास लागायचे. "दिवसाला दहा युनिट सहज," वायरमन म्हणाला.

काकू खाली आल्या, वायर पाहिली आणि भिंतीला टेकल्या.

"दुकान आम्हीच चालवायचो ना तेव्हा. ह्यांनीच जोडून घेतलेली. ते गेल्यावर माझ्या ध्यानातच राहिलं नाही बाबा. आधीचा भाडेकरूसुद्धा कधी काही बोलला नाही. तीन वर्षं भरत होता की रे तो!"

दत्ताला रागावायचं होतं, सकाळपासून त्याने वाक्यं जुळवून ठेवली होती. ती त्याच्या तोंडून निघालीच नाहीत.

"काकू, वायर तुमच्या मीटरला घेऊ. ह्या बिलातले तीनशे युनिटचे तेवढे बघा."

"भाड्यातून काप. आणि त्या आधीच्या पोराचा नंबर आहे का रे तुझ्याकडे?"

दत्ताने मोबाईल काढला.