ऋजुताच्या शिफारसपत्राचा मसुदा

मॅडम,

ऋजुताने दिलेले कामगिरीचे पत्रक आणि तिची प्रकल्पवही समोर ठेवून मसुदा तयार केला आहे. त्यात आहे तेवढेच लिहिले, पदरचे काही घातलेले नाही. तिला वर्गात तुम्ही पाहिलेत, मी नाही. म्हणून तुमच्या वाक्यांसाठी जागा राखल्या आहेत. चौकटी कंसातला मजकूर तुमच्यासाठी आहे, पाठवताना तो काढून टाकायचा. एखाद्या ठिकाणी सांगण्यासारखे काही आठवले नाही तर ती जागा खुशाल सोडून द्या. मागचापुढचा मजकूर तसाही जुळतो.

प्रति,
प्रवेश समिती,
भौतिकशास्त्र पदवी अभ्यासक्रम

विषय: कु. ऋजुता साने हिच्या प्रवेशासाठी शिफारस

आदरणीय समिती सदस्य,

कु. ऋजुता साने हिला मी नववी-दहावीत विज्ञान आणि अकरावी-बारावीत भौतिकशास्त्र शिकवले. आपल्या अभ्यासक्रमासाठी ती अर्ज करत आहे आणि तिची शिफारस करण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

[मॅडम, इथे तिची पहिली आठवण यावी. ही मुलगी वेगळी आहे असे कधी जाणवले? एखादा प्रश्न, एखादे चुकलेले पण विचार करून दिलेले उत्तर, काहीही चालेल. ‘हुशार, मेहनती, नम्र’ हे तीन शब्द मी मुद्दामच टाळले आहेत. समितीपुढच्या प्रत्येक पत्रात ते असणार.]

अकरावीच्या वार्षिक परीक्षेत तिला भौतिकशास्त्रात 100 पैकी 78 गुण होते. बारावीच्या सराव परीक्षेत ते 91 झाले. गणितात ती दोन्ही वर्षे 85च्या आसपास राहिली. प्रात्यक्षिक परीक्षेत मात्र पहिल्यापासून 30 पैकी 28च्या खाली आली नाही. म्हणजे लेखी गुण नंतर वाढले, उपकरणांवरचा हात आधीपासूनच बसलेला होता.

[78 वरून 91 ही उडी वाचणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल आणि कारण काय, असे तो विचारेल. पत्रकात कारण नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर दोन वाक्ये पुरेत: अभ्यासाची पद्धत बदलली का, गणिताची भीती गेली का? कारण घरचे किंवा तब्येतीचे असेल तर लिहिण्याआधी तिला विचारून घ्या. तिला नको असेल तर आकडे तसेच राहू द्या.]

तिच्या कामाची सर्वांत चांगली ओळख तिच्या बारावीच्या प्रकल्पातून होते. साध्या लंबकाच्या साहाय्याने गुरुत्वीय त्वरण मोजणे, हा तो प्रकल्प. विषय नेहमीचाच. तिने दोरा आणि धातूचा गोळा घेऊन 20 आंदोलनांना लागणारा वेळ मोजला, तो पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढली आणि तिला उत्तर मिळाले 9.6 मीटर प्रति सेकंद वर्ग. पाठ्यपुस्तकातल्या 9.8 च्या इतके जवळ आल्यावर ‘मानवी चूक’ असे लिहून पुढे जाणारेच बहुतेक असतात. ऋजुता तिथे थांबली. तिच्या वहीत पुढची चार पाने या फरकाच्या शोधात गेली आहेत. वस्तुमानामुळे हे होत असेल म्हणून तिने गोळा बदलून पाहिला. आवर्तकाल बदलला नाही. झोका मोठा पडत असेल म्हणून कोन कमी केला. 30 अंशांच्या झोक्यानेही आवर्तकालात दोन टक्क्यांहून कमी फरक पडतो आणि तिचे झोके त्याहून पुष्कळ लहान होते, तेव्हा तेही कारण नव्हते. शेवटी तिच्या ध्यानात आले की लांबी आपण आकडीपर्यंतच मोजतो आहोत. ती गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायला हवी. एक मीटरच्या लंबकात हा फरक दोन सेंटीमीटरचा होता आणि दोन टक्क्यांची तूट तिथेच भरून निघाली. दुरुस्त केलेले उत्तर 9.78 आले. या प्रकल्पाला जिल्हास्तरीय विज्ञान प्रदर्शनात दुसरा क्रमांक मिळाला.

[पत्रकात या सगळ्याची एकच ओळ आहे: ‘विज्ञान प्रदर्शन, द्वितीय क्रमांक’. बाकीचे मी वहीतून घेतले. पण वही एवढेच सांगते की चूक सापडली. ती चार पाने लिहिताना ती तुमच्याकडे आली होती का? तुम्ही काय विचारलेत, किंवा मुद्दाम काय सांगितले नाहीत? ती कंटाळली, चिडली, सुट्टीतही प्रयोगशाळेत बसली, जे पाहिले असेल ते लिहा. पत्रातली सगळ्यात मोलाची जागा हीच आहे. बाकी काही लिहायला वेळ झाला नाही तरी चालेल, ही मात्र सोडू नका.]

अभ्यासाबाहेर तिने दोन वर्षे शाळेच्या वादविवाद संघात भाग घेतला आणि आंतरशालेय स्पर्धेत एकदा उत्कृष्ट वक्त्याचे पारितोषिक मिळवले. अकरावीत ती विज्ञान मंडळाची गटप्रमुख होती. खालच्या वर्गातील मुलांसाठी मंडळाने घेतलेल्या प्रयोग-सत्रांची आखणी तिच्याकडे होती.

[पत्रकात एकूण अकरा प्रमाणपत्रे आहेत. मी तीनच घेतली. चित्रकलेची श्रेणी आणि धावण्याचे पदक चांगलेच आहे, पण इथे त्यांची यादीच होईल. ‘गटप्रमुख’ या शब्दातून मात्र काहीच कळत नाही. ती कामे वाटून द्यायची की सगळी स्वतःच उरकायची? लहान मुलांना समजावताना धीर धरायची का? तुमच्या एका वाक्याने त्या पदाला अर्थ येईल.]

ऋजुताकडे मोजमापाबद्दलचा चोखंदळपणा आहे आणि मनासारखे उत्तर आले तरी ते तपासून पाहण्याची सवय आहे. प्रयोगावर भर देणाऱ्या पदवी अभ्यासक्रमात या दोन्ही गोष्टींचा तिला उपयोग होईल, असे मला वाटते.

[अर्जासोबतच्या सूचनेत ‘सुधारणेला वाव असलेली एक बाब’ मागितली आहे. मी काहीच लिहिले नाही, कारण अंदाजाने कुणाचा दोष लिहिणे बरे नव्हे. तुम्ही लिहाल तेव्हा खरीच गोष्ट लिहा, ‘ती जरा जास्तच मेहनत घेते’ असे नको. तसल्या वाक्याने सबंध पत्रावरचा विश्वास उडतो. गुणपत्रिकेवरून पाहता प्रात्यक्षिकापेक्षा लेखी बाजू मागे होती, सुरुवात तिथून करता येईल.]

आपल्या अभ्यासक्रमासाठी मी तिची शिफारस करते. तिच्याविषयी अधिक माहिती हवी असल्यास शाळेच्या पत्त्यावर कळवावे, मी ती आनंदाने देईन.

आपली विश्वासू,
भौतिकशास्त्र शिक्षिका

[‘शिफारस करते’ एवढेच ठेवले आहे. ‘मनापासून’ किंवा ‘निःसंकोच’ घालायचे तर ते तुम्हीच ठरवा, सही तुमची आहे. ‘आजवरच्या सर्वोत्तम विद्यार्थ्यांपैकी एक’ हे वाक्यही त्याच कारणाने नाही. तुमचे झाले की एक पक्की प्रत काढून मुख्याध्यापकांकडे शिक्क्यासाठी नेतो. मूळ पत्रक आणि वही तुमच्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली आहे, तेवढी वही ऋजुताला परत द्यायची आहे.]